बाराच्या मापाचे खण

मेणबत्त्यांच्या विक्रेत्याने घसा खाकरून दुकानदार काकूंना सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून पाकिटात बाराऐवजी सोळा. साठचं पाकीट ऐंशीला. नग पाचलाच. फक्त पाकीट रुंद झालंय."

काकूंनी नमुन्याचं पाकीट फळीच्या खणात सरकवून पाहिलं. ते शिरेना. काकांनी हयातीत हे खण बाराच्या पाकिटाच्या मापाने ठोकले होते आणि टेपचं दुसरं टोक तेव्हा याच विक्रेत्याने धरलं होतं. तीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, असं समजून तो वही मिटू लागला.

"टेप तूच धरला होतास ना? मग चूक तुझीच," काकू म्हणाल्या. "खणांना मी हात लावणार नाही. बारा त्यात रचीन, चार बरणीत सुट्या. लिही दहा पाकिटं."