चौतिसावी केस

टेस्टिंगच्या टीममध्ये तिला सगळे ‘कात्री’ म्हणत, अर्थात तिच्या माघारी. ॲप कसं तपासायचं ते पायरीपायरीने सांगणाऱ्या, दुसऱ्याने लिहिलेल्या टेस्ट केसेस तपासायला घेतल्या की निम्म्या कापूनच उठायची बाई! आणि आज तिच्यासमोर बसली होती नवी. नवीचे शिकाऊपणाचे सहा महिने आज संपत होते. कात्रीचा शेरा वाचून साहेब तिला ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार होते.

ॲप हॉस्पिटलचं होतं. नर्सने औषधाचा डोस दिला की त्यात नोंदवायचा.

“दहा किलोपर्यंत एक डोस, त्यापुढे दुसरा,” कात्री म्हणाली. “तू नऊ किलो तपासलंस, अकरा तपासलंस. मग नेमक्या दहा किलोच्या बाळाने काय घोडं मारलंय?”

नवीने जीभ चावली.

“आणि हे काय? ‘डोस नीट दिसावा.’ नीट म्हणजे किती? आकडा लिही. लॉगिनच्या त्याच चार पायऱ्या अकरा ठिकाणी लिहिल्यास, त्या पूर्वअटीत, म्हणजे सुरुवातीलाच, एकदाच टाक.”

बोलणं तिखट, पण एकही शब्द वावगा नाही. नवीला राग यायला हवा होता, वाटलं ते भलतंच कौतुक. काय नजर आहे हिची!

“एकोणीस आणि चौतीस नंबरच्या केसेस सारख्याच. चौतीस उडवते.”

नवी गप्प. आजच्या दिवशी हिच्याशी कोण वाद घालणार? कात्रीने ओळीवर लाल रंग चढवला, तशी मात्र तिला राहवेना.

“ताई, ती... ती वेगळी आहे.”

“पायऱ्या तर त्याच आहेत.”

“लिहायचं राहिलं. माझी आई नर्स आहे. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी, दोघींकडे एकाच पेशंटचं पान उघडं असतं. दोघींनीही तोच डोस देऊन नोंदवला तर?”

कात्रीने दोन टॅब मागवले. एकावर नवीने डोस नोंदवला, दुसऱ्यावर तिने. दोन्हीकडे हिरवी खूण! यादीत एकाच वेळेचे दोन डोस.

“अगं बाई,” कात्री हळूच म्हणाली. मग तिने शेऱ्याच्या रकान्यात, जिथे अख्खी टीम वाचते तिथे, लिहिलं: ‘चौतीस मी काढत होते. चूक माझी. गंभीर दोष हिच्यामुळे सापडला. पूर्वअट: दोन नर्स, एकच पेशंट. अपेक्षित निकाल: दुसरीला “डोस आधीच दिला आहे” असा इशारा, नोंद एकच.’

साहेबांनी वाचलं आणि भुवया उंचावल्या. “तुमची चूक? अशी उघड लिहिलीत?”

“झाली, म्हणून लिहिली. नेमणुकीचं पत्र तयार करा हिचं.”

नवीचे डोळे भरून आले. एवढी मोठी बाई, आणि किती सहज!

कात्री तोवर स्वतःची फाइल तिच्याकडे पाठवून मोकळी झाली होती. “या माझ्या केसेस. उद्यापर्यंत तपास. आणि हे बघ, आज अर्धं मिनिट गप्प बसलीस ना, तेवढंही बसायचं नाही.”