उत्तर फक्त ओसाला

ओसाने आमच्या बर्गनच्या गायनवृंदाच्या मेलिंग लिस्टवर तालमीची वेळ कळवली. मी ‘रिप्लाय’ दाबून तिला लिहिलं, ‘आपल्या संचालकाला, आयविनला, डाव्या कानाने ऐकूच येत नाही. सांगणार कोण त्याला?’

लगेच लिस्ट सांभाळणाऱ्या टुरुनचा फोन. “अगं बाई, हे सगळ्यांना आलंय!”

“मी ओसालाच उत्तर दिलं!”

“लिस्टवरच्या मेलला ‘रिप्लाय’ केलं की ते आता सगळ्या लिस्टलाच जातं. चर्चा सगळ्यांना दिसू दे, हा हट्ट तुझाच होता ना?”

मी पाठवलेला मेल उघडून पाहिला; वर पत्ता लिस्टचाच होता.

तेवढ्यात आयविनचा मेल आला. माझा पत्ता हाताने टाकून, फक्त मला: ‘खरं आहे. बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती तुझ्या शेजारीच गाते.’