शनिवारचा विक्रम

आमच्या भांड्यांच्या दुकानाचे मॅनेजर संपत सर रोज दुकान बंद करताना बिलिंग ॲपवरच्या दिवसाच्या गोषवाऱ्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि मला व्हॉट्सॲपवर टाकतात. आकडे बघण्याचा हक्क ॲपने फक्त त्यांना दिलाय, आणि तो हक्क ते जावयासारखा मिरवतात. सोमवारी सकाळी मी त्या सहा चित्रांतून आठवड्याचा रिपोर्ट बनवते. चित्राचा वरचा भाग ते न चुकता कापतात, कारण तिथे त्यांची बॅटरी दिसते आणि ते त्यांना अडाणीपणाचं वाटतं; त्यासोबत तारखेची ओळही कापली जाते.

त्या आठवड्यात त्यांनी एक योजना काढली होती: शनिवारी इडलीपात्र घ्या, दोन पेले फुकट. शनिवारच्या चित्रात विक्री आली एक लाख अठ्ठ्याण्णव हजार आठशे वीस.

"सर, एका दिवसात एवढी?" मी विचारलं.

"कलैसेल्वी, तू बेरीज कर. डोकं चालवायला मी आहे."

मी बेरीज केली. संपत सरांनी रिपोर्ट मालकांना, अळगप्पन अय्यांना, मोठ्याने वाचून दाखवला आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले. अय्यांनी चष्मा काढला. "शनिवारी तंगमणीने माझ्या हातात रोख दिली ती आणि फोनवरून बँकेत आले ते मिळून सदतीस हजार चारशे ऐंशी. उधारी आपण देत नाही. मग बाकीचे कुठे गेले?"

तंगमणी अक्का आमच्या गल्ल्यावर बसते, दुकानात मी यायच्या आधीपासून. योजना फसली असेल, हे संपत सरांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. अक्का चोर असेल, हे मात्र एका दमात आलं.

"अय्या, गल्ल्याची किल्ली कुणाकडे असते? मी काय सांगू," ते म्हणाले. मग सांगितलंच. अक्काची पिशवी सगळ्यांसमोर उपडी केली. निघाला तो लिंबूभाताचा डबा आणि गुडघ्याला लावायचं तेल. तेवढ्याने न भागल्यामुळे त्यांनी तिच्या नवऱ्याला फोन करून पैसे घेऊन बोलावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरच नव्हता, तरी संन्यासी तयार होता.

अक्का रडली नाही. "संपतसर, एवढे पैसे मी ठेवले कुठे? इडलीपात्रात?" एवढंच म्हणाली.

मी कमी पडलेली रक्कम काढली: एक लाख एकसष्ट हजार तीनशे चाळीस. हा आकडा मी आजच लिहिला होता. सोमवार ते शुक्रवारची बेरीज, रुपयाचाही फरक नाही.

मी कागद अय्यांसमोर ठेवला. "अय्या, हा चोर फार शिस्तीचा दिसतो. पाच दिवसांची विक्री मोजून तेवढीच नेली. बिलांची संख्याही बघा. शनिवारी दोनशे एकोणनव्वद बिलं. त्याआधीच्या पाच दिवसांची मिळून दोनशे एकतीस. उरली अठ्ठावन्न. सर, ॲपमध्ये 'आज'च्या जागी 'हा आठवडा' निवडलेलं राहिलं होतं का?"

"ॲपचा काहीतरी घोळ असेल," संपत सर म्हणाले.

"उघड. माझ्यासमोर," अय्या म्हणाले.

ॲपमध्ये 'हा आठवडा'च निघालं. शनिवारी दुपारी मेव्हण्याला आठवड्याची ऐट दाखवताना संपत सरांनीच ते बदललं होतं. त्यांनी शनिवारची तारीख निवडली. सदतीस हजार चारशे ऐंशी. शुक्रवारपेक्षा कमी. माणसाने बाईला चोर ठरवलं, का तर आपले पेले कुणी फुकटही नेले नाहीत हे मानायला नको म्हणून.

"बरं, झालं गेलं विसरा अक्का. बसा गल्ल्यावर," संपत सर म्हणाले. कुणी पाय चुकून लागल्यावर म्हणतो तसं.

तेवढ्यात अक्काचा नवरा दारात आला. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं, मुलीच्या लग्नासाठी केलेल्या बांगड्या. तो सरळ तिच्याकडे गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जेवढे उरलेत तेवढे देऊन टाक. बाकीचं मी बघतो."

घेतलेस का, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मला संपत सरांपेक्षा त्याचीच जास्त चीड आली. त्यांना तिची ओळख होती ती गल्ल्यापुरती, आणि याने तर वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं होतं.

अय्यांनी त्याला समजावलं, चूक मॅनेजरची होती, पैसे कुठेच गेले नाहीत. त्याने मान डोलावली. पण बांगड्या खिशात घालताना पुन्हा एकदा अक्काकडे बघितलं, आणि ते बघणं आम्ही सगळ्यांनी बघितलं.

अक्का माझ्या टेबलाशी आली. "सेल्वी, नवा रिपोर्ट करशील ना? त्याची एक प्रत मला दे. घरी लागेल."

"दुकानाचे कागद बाहेर जात नाहीत," संपत सर म्हणाले.

मी शनिवारचा आकडा दुरुस्त केला, खाली चूक कुणाची ते नावानिशी लिहिलं आणि प्रत काढून अक्काच्या हातात दिली.