पडेकाकांचा उजवा खांदा

मेल्यावर माणूस कसा पडतो, हे ठरवायची त्या बाईची नोकरी होती. खरा माणूस नव्हे, गेममधला. कोपर कुठवर वाकावं, गुडघा कुणीकडे वळू नये, मान किती फिरली की पुरे, या मर्यादा ती एकेका सांध्याला आकडे टाकून बांधून द्यायची. म्हणून सगळं ऑफिस तिला सांधेवाली म्हणायचं.

दोन दिवस तिचं पोर तापानं फणफणलं होतं, म्हणून ती घरी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आली तर जिन्यातच हसण्याचा गलका ऐकू आला. आत साहेबांच्या टेबलाभोवती कोंडाळं जमलं होतं. साहेब चिप्स खात होते आणि तेलकट बोटानं पडद्यावर दाखवत होते.

"ये, ये! बघ तुझा म्हातारा."

पडद्यावर बुरुजावरचा म्हातारा पहारेकरी होता. शेवटचा वार बसला, तो तीन पावलं मागे लडखडला, उजवा हात मागे फेकला गेला. इथवर ठीक. मग अंगाचा ताबा गेला आणि हात पंख्यासारखा गरागरा फिरू लागला. डोकं पाठीकडे वळलं. गुडघे उलटे, पुढच्या बाजूला दुमडले आणि धड त्यावर घडी घातल्यासारखं बसलं. कोंडाळं पुन्हा फिदीफिदी हसलं.

ती कोंडाळ्यातून वाट काढत पुढे झाली.

"मर्यादा कुणी काढल्या?"

"मी काढायला लावल्या," साहेब म्हणाले. "तुझ्या मर्यादा होत्या तेव्हा म्हातारा मेला की उसळून आभाळात जायचा. आठवतंय ना? तीन आठवडे तुला ते सुटलं नाही. मर्यादा काढल्या, उसळी गेली. आणि वर ही गंमत! जाहिरातीत हेच टाकायचं."

"काकांनी हो म्हणायला हवं आधी."

"म्हणतील. दुपारी बोलावलंय. दोन कप चहा पाजू, सही घेऊ."

काका म्हणजे पडेकाका. जन्मभर सिनेमात दुसऱ्यांच्या वाटचं पडले; घोड्यावरून, गच्चीवरून, जिन्यावरून. म्हाताऱ्याचं लडखडणं त्यांचंच होतं. अंगाला बिंदू चिकटवून ते या हॉलमध्ये चाळीस वेळा पडले होते आणि कॅमेऱ्यांनी त्यांची हालचाल टिपून घेतली होती. कागदावर त्यांनी एकच अट घातली होती: बाहेर जाण्याआधी मी बघणार, आणि मी हो म्हटलं तरच जाणार. ते बिंदू चिकटवताना सांधेवालीनं त्यांना शब्द दिला होता, "काका, तुम्ही पडाल तसाच तो पडेल." तो शब्द आता साहेबांच्या चिप्सच्या पुड्यात पडला होता.

ती जागेवर जाऊन बसली. कुणीतरी तिच्या कीबोर्डवर सरबत सांडून ठेवलं होतं. बटणं बोटांना चिकटत होती. जुनी उसळी तिनं पुन्हा लावून पाहिली. वार, तीन पावलं, मग तेहतीस शतांश सेकंदात टिपलेल्या हालचालीची पकड सैल होत जायची आणि वजनाची पकड वाढत जायची. टिपलेल्या शेवटच्या दोन चौकटींतला, म्हणजे फ्रेममधला, वेग अंगाला मिळायचा. सगळं नियमानं. आणि अंग वजनाच्या हवाली करण्याच्या नेमक्या त्या क्षणी म्हातारा आभाळात! चूक आकड्यांत नव्हती, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. पण ऐकणार कोण?

दुपारी पडेकाका आले. "काय गं पोरी, लेकरू बरंय का?" असं विचारत त्यांनी अंगातला कोट काढला. उजवी बाही सोडवताना त्यांचा हात सरळ मागे गेला, आणखी मागे गेला, इतका मागे की तिनं नकळत आपलाच खांदा धरला.

"काका, थांबा! पुन्हा काढा बघू कोट."

"आता काय वरात काढतेस का माझी?"

"हात मागे न्या. दुखत नाही?"

"दुखायचं केव्हाच थांबलं. तीनदा निखळलाय तो. एकदा पुलावर, दोनदा जिन्यावर. मला कोट घालायला कुणाची मदत लागत नाही, हाच काय तो फायदा."

तिनं टिपलेली शेवटची चौकट उघडली. खांदा मागे अठ्ठ्याहत्तर अंशांवर होता. तिनं मर्यादा घातली होती साठ, धडधाकट माणसाची. म्हणजे हवाली करतानाच हात हद्दीबाहेर उभा असायचा आणि यंत्र त्याला एका झटक्यात आत ढकलायचं. तोच झटका अख्ख्या अंगाला उडवायचा. तीन आठवडे ती सगळे सांधे तपासत बसली, पण या माणसाचा खांदा कसा आहे, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात साहेब आले, मागोमाग सकाळचं कोंडाळंही. "काका, आधी गंमत बघा!" त्यांनी मर्यादा काढलेला म्हातारा लावला.

पडेकाकांनी तो पूर्ण पाहिला. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नासकं दूध हुंगल्यासारखं त्यांचं नाक आक्रसलं.

"हे कोण पडलं?"

"तुम्हीच की!"

"मी असा पडलो असतो तर दुसऱ्या दिवशी कामावर माझं भूत आलं असतं. नाही म्हणतो मी. माझी तीन पावलं काढून घ्या, मग हवं ते करा."

"काढ गं," साहेब फणकारले. "नुसता पाडू."

तिनं काकांची हालचाल काढली. आता वार बसला की उभा म्हातारा तिथल्या तिथे ओल्या धुण्यासारखा खाली गळायचा. वेगच नव्हता, तर हात फिरणार कशानं? गुडघे तेवढे उलटे दुमडले. कोंडाळ्यातून कुणी हसलं नाही. एकानं तोंड फिरवलं.

"ई!" साहेब म्हणाले. "हे तर नुसतं घाण दिसतंय."

"आधीही घाणच होतं," ती म्हणाली. "काकांच्या जिवावर हसू येत होतं एवढंच. मला तासभर द्या."

तिनं सगळ्या मर्यादा परत घातल्या. उजव्या खांद्याची तेवढी मागे पंच्याऐंशीवर नेली. काका शेजारी खुर्ची ओढून बसले.

"माणूस एकदम नाही सुटत, पोरी. आधी गुडघे दगा देतात, मग कंबर. मान शेवटपर्यंत धडपडते, डोकं आपटू नये म्हणून."

तिनं तसंच केलं. पायांची पकड आधी सोडली, कमरेची त्यामागून, मानेची सर्वांत शेवटी. मग वार लावला. म्हातारा तीन पावलं मागे गेला, हात मागे फेकला गेला, गुडघे खचले आणि तो कुशीवर आडवा झाला. उसळी नाही, गिरकी नाही.

"हां," पडेकाका म्हणाले. "आता मेला."

"यात हसण्यासारखं काय आहे?" साहेब कुरकुरले.

"हसवायचं असेल तर तुमचा खांदा द्या. चाळीस वेळा पडायचं हं, एकदा नाही," काका म्हणाले.

जाहिरातीचा दिवस तोंडावर होता आणि म्हाताऱ्याशिवाय बुरुज ओस पडला असता. साहेबांनी कागद पुढे सरकवला. काकांनी सही केली आणि कागदाच्या कडेला लागलेला तेलाचा डाग रुमालानं पुसून काढला.

"बरं, ती गमतीची क्लिप माझ्या मोबाईलवर पाठव," साहेब जाता जाता तिला म्हणाले. "घरी दाखवतो. पोरं लोळतील हसून." आणि चिप्सचा पुडा तिच्यापुढे धरला.

तिनं पुड्याकडे पाहिलं नाही. "ती पुसली मी," ती म्हणाली.

ते खोटं होतं. साहेबांची पाठ फिरल्यावर तिनं ते खरं केलं, काकांच्या देखत. मग हात धुवायला गेली आणि साबण लावून दोनदा धुतले. परत आली तेव्हा काका कोट चढवत होते. उजवा हात मागच्या मागे बाहीत अलगद शिरला.