हरायचं असेल तर स्विच बंद करा

सुनेचा धंदा सासऱ्यांना पसंत नव्हता, आणि ही नापसंती ते रोज जेवणाच्या टेबलावर भाजीबरोबर वाढून घेत.

सासरे निवृत्त फुटबॉल पंच. हयात शिट्टी फुंकण्यात गेलेली. सख्ख्या धाकट्या भावाच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली म्हणून तो भाऊ आजतागायत त्यांच्याशी बोलत नव्हता, आणि हे ते मानपत्रासारखं सगळ्यांना सांगत. अशा माणसाच्या घरात सून आली ती व्हिडिओ गेममध्ये लबाडी करायची कार्ट्रिजं बनवणाऱ्या कंपनीतली! नवऱ्याने लग्न ठरवताना "ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरं बाहेर आल्यावर म्हाताऱ्याचा घास घशातच अडकला होता.

"म्हणजे नेमकं करता काय तुम्ही लोक?" एकदा त्यांनी विचारलं.

सुनेने पाण्याचा पेला पुढे ओढला. "बाबा, खेळातल्या माणसाची ताकद म्हणजे शेवटी यंत्राच्या मेमरीत एका ठरावीक जागी ठेवलेला आकडा असतो. मार बसला की खेळ तो आकडा कमी करतो. शून्य झाला की माणूस मेला. आमचं कार्ट्रिज यंत्रात बसतं आणि खेळाचं कार्ट्रिज त्याच्या डोक्यावर. मग पडद्यावरचं चित्र बदलतं त्या प्रत्येक वेळी, म्हणजे सेकंदाला कितीतरी वेळा, आमचं कार्ट्रिज त्याच जागी पुन्हा शंभर लिहून ठेवतं. खेळ कमी करतो, आम्ही भरतो. माणूस मरतच नाही."

"म्हणजे गुणफलक लिहिणाऱ्याला फितवायचं."

सून विचारात पडली. इतकं नेमकं तिच्या मालकालाही कधी सांगता आलं नव्हतं. "हो," ती म्हणाली, "तसंच काहीसं."

"शाब्बास," म्हातारा म्हणाला आणि पानावरून उठला.

तिचं काम होतं ती जागा हुडकून काढायचं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, टेबलांवर टीव्ही, जमिनीवर वायरींचा गुंता आणि सगळीकडे सोल्डरिंगचा वास. हजारो जागांच्या मेमरीत एक आकडा शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीतली सुई, पण सुईला बोलतं करायची युक्ती होती. ताकद शंभर असताना कार्ट्रिजला सांगायचं, शंभर आकडा असलेल्या सगळ्या जागा धरून ठेव. मग मुद्दाम एक फटका खायचा आणि विचारायचं, यातल्या कुठल्या जागा कमी झाल्या? बऱ्याचशा गळायच्या. मग नुसतं उभं राहायचं आणि ज्या बदलल्या त्या काढून टाकायच्या. पुन्हा फटका, पुन्हा गाळणी. शेवटी दोनचार संशयित उरले की एकेकाला शंभरवर अडकवून शत्रूसमोर गाल पुढे करायचा. दिवसभर मार खायचा पगार मिळतो, असं ती नवऱ्याला सांगे.

त्या महिन्यात एका तलवारबाजाचा नवा खेळ आला होता आणि सगळ्या गावाला त्याचं वेड लागलं होतं. मालकाला त्याचा कोड, म्हणजे मेमरीतली जागा आणि तिथे लिहायचा आकडा, हवा होता, आणि तो कालच हवा होता. सुनेने ताकदीची जागा शोधली, पहिले दोन टप्पे खेळून पाहिले. तलवारबाज भाले, बाण, दरीत ढकलणं सगळं पचवून उभा!

"पुढे खेळून बघते," ती म्हणाली.

"पुढे काय बघायचंय? अमर तो अमर," मालक म्हणाला. "अमर माणसाला पुढच्या टप्प्यात काय सर्दी होणार आहे?" आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं: कधीच हरू नका!

खोकी दुकानांत गेली. एक खोकं, तलवारबाजाच्या खेळासकट, सुनेने घरी आणून टीव्हीखालच्या कपाटात ठेवलं. एक खेळाचं यंत्र तिथे आधीपासूनच होतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मदतीचा फोन वाजला. फोन घ्यायचं कामही तिच्याकडेच होतं. त्यासाठी मालकाने तिला एक आवाज शिकवला होता. मऊ, हसरा, विमानतळावर सूचना देतात तसला.

"नमस्कार, मदत कक्ष. बोला, काय अडचण आहे?"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. त्या खाकरण्याने सुनेच्या पाठीचा कणा ताठ झाला. रोज सकाळी न्हाणीघराच्या दारापलीकडून ऐकू येणारं खाकरणं होतं ते.

"मी... नातवासाठी विचारतोय," तोंडावर रुमाल धरल्यासारखा आवाज आला.

घरात नातू नव्हता. नातवाचा विषय निघाला की घरात कोण कुठे बघतं हेही तिला पाठ होतं. तरी मऊ आवाज न सोडता तिने विचारलं, "केवढा आहे नातू?"

"सहासष्ट," आवाज म्हणाला. मग घाईघाईने, "सोळा! सोळा."

सुनेने रिसीव्हरवर हात ठेवला, दोनदा खोल श्वास घेतला आणि पुन्हा कानाला लावला. "बरं. कुठे अडलाय तो?"

"तो पूल आहे ना, त्यावर काळा सरदार येतो. त्याच्याशी लढत चालू आहे. परवापासून."

"परवापासून?"

"जेवायला उठतो तो. नातू. यंत्र चालूच ठेवतो. सरदार मारतो, याला काही होत नाही. हा मारतो, त्या सरदाराला काही होत नाही. आता काय, पंच बोलवायचा का मध्ये?"

सुनेला काहीच उमगेना. पुन्हा फोन करायला सांगून तिने खेळ लावला, कार्ट्रिजच्या कडेचा स्विच बंद केला आणि साध्या माणसासारखी खेळत पुलापर्यंत पोचली. तिथे तिला सरदाराने असं बडवलं, की विचारू नका. ताकद शून्यावर आली आणि तिला वाटलं, संपलं. पण पडद्यावर खेळ संपल्याची पाटी आलीच नाही. तलवारबाजाने डोळे उघडले तो तुरुंगात होता. शेजारच्या कोठडीत एक म्हातारा लोहार होता आणि पुढची सगळी गोष्ट त्या लोहारापासून सुरू होत होती.

तिने कपाळावर हात मारला. खेळ लिहिणाऱ्यानेच नायकाला इथे हरवायचं ठरवलं होतं. सरदाराची ताकद कमी होण्याची सोयच ठेवलेली नव्हती. नायकाचा आकडा शून्य झाला, तरच तुरुंगाचं दार उघडणार. आणि तिचा कोड तो आकडा शून्याला शिवूच देत नव्हता. तिने लोकांना असं अमर करून ठेवलं होतं, की त्यांना पुढे जायची वाटच उरली नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत फोन आला.

"नातवाला सांगा, तिथे हरावंच लागतं," ती म्हणाली.

मग रुमालाआडून गरजल्यासारखं आलं, "मुद्दाम हरायचं? बाई, सामना विकायला सांगताय तुम्ही!"

"अहो पण..."

"लबाडी एक वेळ समजू शकतो. मोहाचा क्षण असतो. पण उभं राहून मार खायचा, हरायचं ठरवून मैदानात उतरायचं? माझ्या काळात अशांना मी जन्मभरासाठी घरी बसवलंय!"

सुनेने डोळे मिटले. परवापासून गुणफलकवाल्याला फितवून लढणारा माणूस तिला खेळाडूपणा शिकवत होता. पण भांडून उपयोग नव्हता. भांडण घरीही करता येत नसे. ती मऊ आवाजात म्हणाली, "मुद्दाम नाही हो. कार्ट्रिजच्या कडेला एक स्विच आहे. तो बंद केला की आमचं कार्ट्रिज आकडा भरायचं थांबवेल. मग नातवाने जीव तोडून लढायचं. अगदी प्रामाणिकपणे."

"आणि?"

"आणि तो प्रामाणिकपणे हरेल."

"हे चालेल," आवाज म्हणाला.

रात्री सासरे गप्प गप्प जेवले. धंद्याबद्दल अवाक्षर नाही. नवऱ्याने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?"

"हरलो आज," ते म्हणाले. "पण लढून." मग मीठ पुढे सरकवत सुनेला म्हणाले, "तुमच्या कचेरीत फोनवर एक बाई असतात म्हणे. फार समंजस बोलतात. घरातल्या माणसांनीही शिकावं असं बोलणं."

"सांगते त्यांना," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून फोनची रीघ लागली. सगळ्या गावाचे अमर तलवारबाज त्याच पुलावर अडकले होते. मालकाचं डोकं मात्र पाऱ्यासारखं. त्याने तोट्याचा फायदा केला. नवीन खोक्यावर छापलं: कधीच हरू नका! हरायचं असेल तर खास स्विच! स्विच जुन्या खोक्यातही होताच, पण हरण्याची सोय म्हणून कुणी विकला नव्हता. खप वाढला.

"पण पुन्हा असं होऊन चालणार नाही," मालक म्हणाला. "प्रत्येक कोड लावून खेळ शेवटपर्यंत खेळेल असा माणूस हवा. चिकट. आणि कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारा."

सुनेच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. घरी विचारताना तिला वाटलं होतं, आता ताट भिरकावतील. पण सासऱ्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे लबाडी करायला नव्हे. लबाडीवर नजर ठेवायला."

"हो बाबा, तसंच म्हणा."

ते इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत आले. तिने त्यांना खुर्ची दिली, यंत्र दाखवलं, तेवढ्यात फोन वाजला आणि सवयीने ती बोलून गेली, "नमस्कार, मदत कक्ष. बोला, काय अडचण आहे?"

सासऱ्यांचा हात कंट्रोलरवर थबकला. कान हळूहळू लाल झाले. तिने फोन ठेवला तेव्हा ते पडद्याकडेच बघत होते. "चहा मिळतो का इथे?" त्यांनी विचारलं. तिने दोन कप आणले. त्या विषयावर दोघांपैकी कुणीही आजवर बोललेलं नाही. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर तिलाही बोलायची संधी मात्र थोडी लवकर मिळायला लागली.

काम मात्र त्यांनी पंचासारखंच केलं. एका मोटारीच्या शर्यतीत सुनेने टायरांची झीज अडकवून ठेवली होती. पडद्यावरचा आकडा शंभरवरून हलत नव्हता. कोडांची पत्रकं छापायला जाणार होती. सासऱ्यांनी दुपारभर शर्यती मारल्या आणि जाहीर केलं, "हा कोड बाद."

"का?" मालक आडवा आला. "शंभर दिसतंय की!"

"दिसतंय. पण गाडी वळणावर घसरतेय, जीर्ण टायर घसरावा तशी. तुमच्या कोडने पाटीवरचा आकडा धरून ठेवलाय. खरी झीज दुसऱ्याच जागी चालू आहे. गिऱ्हाईकाला लबाडीचं वचन देता आणि लबाडीही करत नाही? ही तर फसवणूक झाली!"

मालकाने सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली. होतं असं कधीकधी. खेळ खरा आकडा एकीकडे ठेवतो आणि दाखवायची नक्कल दुसरीकडे. तिने नक्कल पकडली होती.

"पण छापखानेवाला खाली येऊन थांबलाय," मालक काकुळतीला आला. "या एका वेळी जाऊ द्या ना, काका. बघतंय कोण?"

"मी बघतोय," सासरे म्हणाले आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

मालक छापखानेवाल्याची समजूत घालायला जिना उतरून गेला. सुनेने यंत्र पुन्हा चालू केलं, गाडी सुरुवातीच्या रेषेवर आणली आणि खऱ्या झिजेच्या जागेचा शोध पहिल्यापासून सुरू केला.