व्याह्यांसमोर कसं सांगू?

प्रेमिलाबाईंचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि हिरव्या उलट्या थांबता थांबत नव्हत्या. जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडी एकमेकांना चिकटली होती आणि लहान आतडं त्यात अडकलं होतं. "पुढची वाट बंद, पण रस आणि हवा मागे साचतच राहतात. म्हणून पोट फुगतं, उलट्या होतात," डॉक्टर अदितींनी त्यांच्या मुलीला, पायलला सांगितलं होतं. आईचं खाणंपिणं बंद, नाकातून पोटात नळी, हाताला सलाईन. तरीही वाट सुटली नाही, तर पोट पुन्हा उघडावं लागणार होतं.

सकाळी डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा पोट मऊ लागलं.

"मावशी, हवा सरली का?" त्यांनी विचारलं.

आईने कोपऱ्यात बसलेल्या दादाच्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. पण गाल कसे लालबुंद!

"काकाजी, चहा आणता का?" पायल म्हणाली. ते जाताच ती आईवर वाकली. "खरं सांग वं!"

"सरली ना वं, दोनदा! व्याह्यांसमोर कसं सांगू?"

डॉक्टर खळखळून हसल्या. "म्हणजे वाट सुटतेय! मग ऑपरेशनची घाई नको. एक्स-रे बघू, नळी काढू, मग घोट घोट पाणी."

पायल दाराकडे पळाली. "काकाजी, पेढेही आणा!"

"पेढे काहून, ते सांगू नको वं त्यायले!" आई मागून ओरडली.