समस्या विधान

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात अंतिम वर्षाच्या प्रोजेक्ट प्रस्तावाला यंदा नवीन कागद जोडायचा होता: ज्याची समस्या सोडवायची, त्या शेतकऱ्याचं मराठी संमतीपत्र. त्यावर सही झाली नाही, तर प्रस्ताव नापास.

नितेशचा प्रस्ताव चांगला होता. जमिनीत ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, आणि वावरापासून घरापर्यंत लोरा रेडिओ, म्हणजे नेटवर्क नसलं तरी ओलाव्याचा आकडा घरी पोचणार. मी त्याचा मार्गदर्शक. सहीसाठी त्यानं चांदूर रेल्वेहून वडिलांना, पुंजारामजींना, बोलावलं होतं.

त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. मोठ्यानं.

“‘ग्रामीण शेतकरी अज्ञानामुळे अंदाजाने पाणी देतो.’ काय गा नितेश, हे तू लिहेलं हाय का?”

समस्या विधानाचं ते वाक्य माझं होतं. चौदा वर्षांपूर्वी मी ते इंग्रजीत लिहिलं आणि दरवर्षी मुलांना नमुना म्हणून वाटलं. नितेशनं त्याचं फक्त मराठी केलं होतं. इंग्रजीत ते कोणालाच खुपलं नव्हतं.

नितेशनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा पेपरवेट नीट ठेवला.

“हो बाबा, मीच लिहिलं,” तो म्हणाला.

“असं. मंग ऐक. मी वीतभर खालची माती काढतो, मुठीत दाबतो. गोळा झाला तं पाणी नाई, भुसभुशीत फुटली तं देतो. याले तुमी अंदाज म्हणता, आमी हात म्हणतो.” त्यांनी टेबलावरच्या काचेच्या ग्लासाकडे बोट केलं. त्यातल्या मातीत सेन्सर खोवलेला होता. “हे माती कुठची?”

“कॉलेजच्या बागेतली,” नितेश म्हणाला.

“लाल हाय. आपली काळी. सुकली का भेगाळते. दांडी भेगीत लटकली तं काय सांगन तुवं यंत्र?”

“भोवती हवा आली तर... कोरडं.”

“म्हंजे खाली ओल असून पाणी मांगन. अन् अज्ञानी मी.”

त्या लाल मातीवरचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची जुळणी, मीच तपासून सही केली होती. मी घसा खाकरला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. “चहा सांगू का?” मी विचारलं.

पुंजारामजींनी माझाच पेन मागितला. ‘अज्ञानामुळे’ खोडलं, ‘अंदाजाने’ खोडून वर ‘हाताने पाहून’ लिहिलं, मग सही केली. “आता खरं झालं. पोट्ट्याचं वर्ष काहून घालवू? पण सेन्सर आपल्या मातीत तपासजो, एकदा वाळलेल्या अन् एकदा भिजलेल्या. अन् भेगीपासून दूर दाबून बसवजो.”

दुपारी समितीनं प्रस्ताव मंजूर केला. विभागप्रमुख म्हणाले, समस्या विधान यंदा वेगळं आहे, मार्गदर्शन दिसतं. नितेश माझ्या शेजारी उभा होता.

“थँक्यू सर,” मी विभागप्रमुखांना म्हणालो.